तीस सेकंदांची रील: एआयने काढायची की हाताने? क्रेडिट, पैसा आणि वेळ यांचा हिशेब आणि कामाचा क्रम

मी छोट्या दुकानांच्या आणि घरगुती व्यवसायांच्या रील एडिट करून देतो. गेल्या वर्षभरात माझ्याकडे एकाच प्रकारची तक्रार घेऊन बरेच जण आले: "एआयचा प्लॅन घेतला, पहिल्याच संध्याकाळी क्रेडिट संपले आणि हातात धड एक क्लिप नाही." क्रेडिट म्हणजे प्लॅनबरोबर मिळणारे गुण, प्रत्येक क्लिप काढताना टूल ते कापतं. त्यांना विचारलं की किती सेकंद हवे होते, तर तेच ठरलेलं नसायचं. चूक टूलमध्ये नव्हती, क्रमात होती. प्लॅन आधी घेतला, आणि काय काढायचं ते नंतर शोधलं.

दुसरी चूक तुलनेची. महिन्याचा प्लॅन साधारण दीड हजाराचा आणि व्हिडिओवाला सहा हजार मागतो, म्हणजे एआय चौपट स्वस्त, असं लोक धरून चालतात. एका बाजूला कच्च्या मालाची किंमत आणि दुसऱ्या बाजूला तयार ताटाची, अशी ही तुलना आहे.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. घरगुती दिवाळी फराळाचा व्यवसाय धरू. चकली, बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा. माल इथेही विकला जातो आणि परदेशातल्या मराठी घरांतही पार्सलने जातो. रील हवी आहे ३० सेकंदांची, उभी, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी.

## टप्पा १: शॉटची यादी, कागदावर

कुठलीही साइट उघडण्याआधी हे करा. फराळाच्या रीलची यादी अशी झाली:

१. दिवाळीची पहाट, दारात पणत्या आणि रांगोळी – ४ सेकंद
२. सोऱ्यातून चकली पडते, तेलात जाते – ३ सेकंद
३. चकली मोडते, जवळून – ३ सेकंद
४. लाडू वळणारे हात – ४ सेकंद
५. कढईत चिवडा परतला जातो – ३ सेकंद
६. डबे भरून बॉक्स बंद होतो – ३ सेकंद
७. परदेशातलं घर, बाहेर बर्फ, दारात पार्सल – ५ सेकंद
८. बॉक्स उघडतो, आत फराळ – ३ सेकंद
९. नाव आणि फोन नंबर – २ सेकंद

आता प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. विकायचा माल दिसतो तिथे "मा". माणूस किंवा माणसाचे हात दिसतात तिथे "ह". दोन्ही नाही, फक्त वातावरण आहे, तिथे "वा". आपल्या यादीत "वा" फक्त दोन ठिकाणी येतं: पहिला शॉट आणि सातवा. मिळून ९ सेकंद.

नियम सोपा आहे. "मा" आणि "ह" हाताने शूट करायचे, "वा" एआयला द्यायचे. नववा शॉट दोघांचाही नाही, तो एडिटिंग अ‍ॅपमध्ये टाइप करायचा. व्हिडिओ काढणारी मॉडेल देवनागरी अजून नीट लिहीत नाहीत; जोडाक्षरं मोडतात, मात्रा भलत्याच अक्षरावर जातात आणि क्लिप चालू असतानाच अक्षरं बदलत राहतात.

माल एआयने का काढायचा नाही, याची दोन कारणं आहेत. पहिलं तुम्हाला लगेच दिसेल: एआयची चकली कधी जिलबीसारखी गुळगुळीत असते, कधी काटे असतात पण वेटोळं मध्येच हरवतं. ज्या ताई गेली वीस वर्षं चकल्या विकत घेतायत त्यांना हे अर्ध्या सेकंदात कळतं. दुसरं कारण कायद्याचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जी चकली तुमच्या कढईतून कधी निघालीच नाही ती "आमची चकली" म्हणून दाखवणं या वाटेवरचंच पाऊल आहे. दंड दूरच राहो, पार्सल उघडल्यावर ग्राहक दोन्ही चकल्या शेजारी ठेवून फोटो टाकेल.

तपासा: सेकंदांची बेरीज ३० येते का? येत नसेल तर इथेच थांबून काटछाट करा. पुढे प्रत्येक जादा सेकंदाला पैसे पडतात.

## टप्पा २: वापरलेल्या सेकंदाचा भाव काढा

हा टप्पा लोक गाळतात, म्हणून यावर जरा थांबतो.

एआय टूल पैसे दोन पद्धतींनी कापतात. काही सेकंदावर, काही क्लिपवर. रनवे या व्हिडिओ काढणाऱ्या टूलवर २०२५ साली जेन-४ मॉडेलला सेकंदाला १२ क्रेडिट आणि जेन-४ टर्बोला ५ क्रेडिट पडत. स्टँडर्ड प्लॅन महिन्याला १५ डॉलरचा आणि त्यात ६२५ क्रेडिट. गूगलच्या फ्लो या टूलमध्ये क्लिपमागे कापतात. त्याच वर्षी एआय प्रो प्लॅनमध्ये महिन्याला १,००० क्रेडिट मिळत. तिथल्या व्हिओ ३ या मॉडेलच्या 'फास्ट' क्लिपला २० आणि 'क्वालिटी' क्लिपला १००. म्हणजे एकाच प्लॅनमध्ये ५० क्लिप निघतील की १०, हे एका बटणावर ठरतं. ते बटण आधीपासून महागड्या बाजूला नाही ना, हे दर वेळी बघा. आणि क्लिप ८ सेकंदांची असेल तर तुम्हाला ४ सेकंद हवे असले तरी ८ चेच पैसे जातात.

हे दर सारखे बदलतात. माझे आकडे पद्धत दाखवण्यासाठी आहेत. तुमच्या पडद्यावरचे आकडे घालून तीच पद्धत वापरा.

आता रनवेचा हिशेब. डॉलर ९० रुपये धरला, तर १५ डॉलर म्हणजे १,३५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि कार्डचं परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के धरलं की १,६५० रुपये होतात. ६२५ ने भागा: एक क्रेडिट २ रुपये ६४ पैशांना. जेन-४ चा एक सेकंद सुमारे ३२ रुपयांना.

हा काढलेल्या सेकंदाचा भाव झाला. आपल्याला हवा वापरलेल्या सेकंदाचा. पहिल्या फटक्यात मनासारखी क्लिप क्वचितच येते. वातावरणाच्या शॉटला मी ४ प्रयत्न धरतो, हात आणि पदार्थ असलेल्या शॉटला ८. हा माझ्या कामातला अंदाज आहे. पहिल्या रीलनंतर तुमचा आकडा तुम्हाला कळेलच.

पहाटेच्या शॉटला ४ प्रयत्न, प्रत्येक ५ सेकंदांचा. काढले २० सेकंद, वापरले ४. म्हणजे पाचपट: सेकंदाला १६० रुपये. चकली मोडण्याच्या शॉटला ८ प्रयत्न. काढले ४० सेकंद, वापरले ३. सेकंदाला ४२० रुपयांच्या वर. आणि एवढं करूनही चकली परक्या घरची.

३२ रुपयांची पाटी बघून प्लॅन घेतलेला माणूस जातो तो इथे.

आता पूर्ण रीलच्या चार वाटा शेजारी मांडू. स्वतःच्या वेळेचा भाव तासाला २०० रुपये धरला आहे. वेळ फुकट धरू नका. त्या तासात तुमचा एक घाणा निघाला असता.

सगळं हाताने, घरच्या फोनवर. शूटिंग ३ तास, एडिटिंग ४ तास. ७ तासांचे १,४०० रुपये. ट्रायपॉड नसेल तर त्याचा एकदाचा खर्च वेगळा. तळलेला माल विकायचाच असल्याने वाया जात नाही. बर्फातल्या पार्सलचा शॉट तिकडच्या एखाद्या ग्राहकाला फोनवर काढून पाठवायला सांगायचा. पैसे शून्य, पण आठ-दहा दिवस वाट बघायची तयारी हवी.

सगळं एआयने. वातावरणाच्या २ शॉटचे ८ प्रयत्न, बाकी ६ शॉटचे ४८ प्रयत्न. एकूण ५६ क्लिप, २८० सेकंद. टर्बोवर १,४०० क्रेडिट, जेन-४ वर ३,३६०. दोन्ही ६२५ मध्ये बसत नाहीत. वरचे क्रेडिट सुटे घ्यावे लागतात. १० डॉलरला १,००० हा दर धरला तर टर्बोचे एकूण २,७५० रुपये होतात आणि जेन-४ चे ४,९५०. यात एक गंमत आहे: प्लॅनमधलं क्रेडिट अडीच सेंटच्या आसपास पडतं आणि सुटं एका सेंटला. त्यामुळे क्रेडिट कमी पडले म्हणून लगेच वरचा प्लॅन घेऊ नका, आधी सुट्याचा भाव बघा.

आणि वेळ? प्रत्येक प्रयत्नाला सूचना लिहिणं, क्लिप नीट बघणं, नाकारणं यात माझी पाचेक मिनिटं जातात. ५६ गुणिले ५ म्हणजे ४ तास ४० मिनिटं. वर एडिटिंगचे २ तास. एकूण ६ तास ४० मिनिटं, म्हणजे हाताने करण्यापेक्षा जेमतेम वीस मिनिटं कमी. वेळेसकट खर्च ४,१०० ते ६,३०० रुपये.

माणूस लावून. शूट आणि एडिट मिळून ६,००० रुपये धरले (गावागावात हा आकडा बराच हलतो) आणि तुमचा दीड तास, तर ६,३०० रुपये. म्हणजे चांगल्या मॉडेलवर सगळं एआयने काढण्याइतकेच. फरक इतकाच की यात चकली तुमची असते.

मिसळ. सहा शॉट हाताने, अडीच तास. दोन शॉट एआयने, दहा प्रयत्न धरून ५० मिनिटं. एडिटिंग ३ तास. वेळेचे साधारण १,२५० आणि प्लॅनचे १,६५०, मिळून २,९००.

म्हणजे सगळ्यात स्वस्त वाट हाताचीच. मिसळ त्याच्या दुप्पट पडते. जादाचे पैसे जातात ते ज्या दोन शॉटपर्यंत तुम्ही पोचूच शकत नाही त्यांच्यासाठी. बर्फाचा शॉट तुमच्या परदेशी ऑर्डर आणणारा असेल तर दीड हजार योग्य. नसेल तर तो शॉट काढून टाका आणि लाडू दोन सेकंद जास्त दाखवा. मी स्वतः बऱ्याच जणांना हेच सांगतो.

सावधान: फुकट प्लॅनच्या भरवशावर हिशेब मांडू नका. तिथे बहुधा क्लिपवर वॉटरमार्क असतो, धंद्यासाठी वापरायला परवानगी नसू शकते आणि रांगेत तुमचा नंबर शेवटी लागतो. फुकटचे क्रेडिट हात बसवण्यासाठी ठीक.

## टप्पा ३: आवाज आधी रेकॉर्ड करा

मिसळ धरून पुढे जाऊ. पहिलं काम आवाजाचं. मराठीत निवांत बोललं तर ३० सेकंदांत साठ-पासष्ट शब्द बसतात. तेवढेच लिहा, पंखा बंद करा, जाड पडदे किंवा कपड्यांचं कपाट असलेल्या खोलीत फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून रेकॉर्ड करा.

आवाज आधी का? कारण शॉट किती सेकंद टिकतो हे आवाज ठरवतो. "अमेरिकेतल्या लेकीच्या दारात" हे शब्द म्हणायला अडीच सेकंद लागत असतील तर पाच सेकंदांचा बर्फ हवाच कशाला?

## टप्पा ४: हाताचे शॉट, स्वच्छ ते तेलकट या क्रमाने

शॉट यादीच्या क्रमाने घेऊ नका. आधी बॉक्स भरणे आणि उघडणे, मग लाडू, मग चिवडा, आणि तळण सगळ्यात शेवटी. तळणीचा धूर एकदा लेन्सवर बसला की पुढचा प्रत्येक शॉट धुकट येतो, आणि फोनच्या छोट्या पडद्यावर ते तेव्हा कळत नाही. मोडायची चकली आदल्या दिवशीच्या घाण्यातली घ्या. ती पूर्ण गार झालेली असते आणि कट्कन मोडते. तळताना फोन कढईपासून निदान दोन हात लांब, ट्रायपॉडवर, आणि दर शॉटनंतर लेन्स मऊ सुती कापडाने पुसायची.

उजेड खिडकीचा, एका बाजूने. स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करा. ती चालू ठेवावीच लागली तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. दुसऱ्या शटरवर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात आणि एडिटिंगमध्ये ते सहजी जात नाहीत.

एआयच्या क्लिप बऱ्याचदा सेकंदाला २४ फ्रेमच्या असतात. फोनमध्ये २४ ची सोय असेल तर तीच निवडा, म्हणजे पुढे जोडताना अडखळणार नाही. नसेल तर ३० वर शूट करा. दोनच शॉट वेगळे असल्याने फार बिघडत नाही.

प्रत्येक शॉट हवा त्याच्या तिप्पट लांब घ्या. इथे जादा सेकंदाला पैसे पडत नाहीत, आणि हाताच्या शूटिंगचा हाच मोठा फायदा आहे. चकली मोडतानाचा कुरकुर आवाज दुसऱ्या फोनवर अगदी जवळून वेगळा घ्या. ही रील चालली तर त्या आवाजावर चालेल.

तपासा: सामान आवरण्याआधी सगळे शॉट फोनवर मोठे करून बघा. बोटांवर फोकस आहे की मागच्या डब्यावर?

## टप्पा ५: कच्ची जोडणी करून रिकामी जागा मोजा

व्हीएन, इनशॉट किंवा कॉम्प्युटरवर डाव्हिंची रिझॉल्व्ह, जे हाताला सवयीचं असेल ते घ्या. आवाज टाका, त्यावर हाताचे सहा शॉट बसवा, पहिल्या आणि सातव्या शॉटच्या जागी नुसता काळा पडदा ठेवा. मग काळ्या पडद्याचे सेकंद मोजा.

आमच्या हिशेबात ४ आणि ५ सेकंद होते. आवाज बसवल्यावर ते साधारणपणे ३ आणि साडेतीनवर येतात. म्हणजे दोन्ही ठिकाणी ५ सेकंदांची क्लिप भरपूर झाली. १० ची घ्यायची गरज नाही. इथेच क्रेडिट अर्धे वाचले.

कधी कधी या टप्प्यावर लक्षात येतं की काळ्या पडद्याची गरजच नाही, शॉट एकमेकांना छान जोडले गेलेत. मग प्लॅन घेऊ नका. खरंच.

## टप्पा ६: पहिली फ्रेम तयार ठेवा, मगच पैसे भरा

नुसत्या शब्दांतून व्हिडिओ काढायला गेलात तर रांगोळी कुठली येईल आणि दार कुठलं, यावर तुमचा काबू राहत नाही, आणि प्रयत्न वाढतात. त्यापेक्षा एक फोटो द्या आणि तो हलवायला सांगा. पहाटेसाठी स्वतःच्या दारातल्या पणत्यांचा फोटो काढा, उभा, संध्याकाळी उजेड निळसर होतो त्या दहा मिनिटांत. रीलमध्ये ती पहाट म्हणून खपते. बर्फाच्या दारासाठी तिकडच्या ग्राहकाकडून दाराचा फोटो मागा. व्हिडिओपेक्षा फोटो लोक लवकर पाठवतात. घर नंबर किंवा नाव दिसत असेल तर आधी पुसा, आणि जाहिरातीत वापरायची परवानगी लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर, घ्या. फोटो मिळालाच नाही तर चित्र काढणाऱ्या टूलवर दार बनवा; त्यालाही थोडे क्रेडिट लागतात, ते हिशेबात धरा.

पार्सलच्या बॉक्सवर तुमचं लेबल नको, कोरा बॉक्स ठेवा. क्लिपमध्ये अक्षरं वितळतात. लेबल एडिटिंगमध्ये वरून चिकटवता येतं, कॅमेरा स्थिर असेल तर.

आता पैसे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करा, बऱ्याच कार्डांवर ते बंदच असतात. महिन्याचा प्लॅन घ्या, वर्षाचा नको. वर्षाचा महिन्यामागे स्वस्त दिसतो, पण फराळवाल्यांचा हंगाम वर्षातून एकदाच असतो. रनवेसारख्या ठिकाणी प्लॅनचे उरलेले क्रेडिट पुढच्या महिन्यात जात नाहीत. म्हणून सगळं तयार असेल त्याच दिवशी प्लॅन घ्या आणि त्याच दिवशी नूतनीकरण बंद करून टाका. भरलेला महिना संपेपर्यंत टूल चालू राहतं. काम झालं की कार्डाचे परदेशी व्यवहार परत बंद.

सावधान: "नंतर बंद करू" म्हणणाऱ्यांचे दुसऱ्या महिन्याचे पैसे जातातच. माझेही गेले आहेत, तेही दोनदा.

## टप्पा ७: क्लिप काढा, आणि वाट कशी बघायची ते ठरवा

आधी स्वस्त मॉडेल. टर्बोवर एका शॉटचे तीन प्रयत्न: ५ सेकंद गुणिले ५ क्रेडिट गुणिले ३, म्हणजे ७५. यातून सूचनेचे शब्द पक्के करा. मग तीच सूचना आणि तीच फ्रेम जेन-४ वर, दोन प्रयत्न: १२०. एका शॉटला १९५, दोघांना ३९०. सव्वासहाशेत आरामात बसतं आणि अडचणीसाठी सव्वादोनशेच्या वर उरतात. एक लक्षात ठेवा, टर्बोवरची क्लिप जशीच्या तशी मोठ्या मॉडेलवर येत नाही. पक्के होतात ते शब्द.

सूचना इंग्रजीत आणि आखूड लिहा. एका क्लिपमध्ये एकच हालचाल:

```
Locked camera. Light snow falls past the doorway. The parcel stays still on the mat.
```

"माणूस नको" असं लिहू नका. रनवेच्या मॉडेलना नकार नीट कळत नाही. माणूस हा शब्द वाचून ती माणूस आणूनही ठेवतात. जे हवं तेवढंच लिहा.

आता वाट बघण्याबद्दल. क्लिप यायला लागणारा वेळ सारखा नसतो. गूगलने व्हिओच्या एपीआयसाठी, म्हणजे प्रोग्राममधून व्हिओ वापरण्याच्या सोयीसाठी, स्वतःच दिलेली मर्यादा ११ सेकंदांपासून गर्दीच्या वेळी ६ मिनिटांपर्यंत आहे, म्हणजे तीसपटीहून जास्त फरक. "अमर्याद" म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या प्लॅनमध्ये क्रेडिट लागत नाहीत तिथे क्लिप सावकाश रांगेतून येतात. तिथे पैशाऐवजी वेळ मोजायचा असतो. आपली संध्याकाळ म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची सकाळ, त्यामुळे मी हे काम सकाळी चहाबरोबर उरकतो, तेव्हा रांग बहुधा छोटी असते.

वाट बघताना दुसरं काही करता येतं, म्हणून ती मिनिटं मी खर्चात धरत नाही. पण एक अट आहे: पहिली क्लिप येण्याआधी दुसरी सोडू नका. अधीर माणूस एकाच सूचनेच्या चार क्लिप रांगेत लावतो, चारही एकाच चुकीने बिघडून येतात आणि चारांचे क्रेडिट गेलेले असतात. क्लिप तांत्रिक कारणाने अडली तर बहुतेक ठिकाणी क्रेडिट परत मिळतात. क्लिप आली पण वाईट आली, तर परत काही मिळत नाही. पान अडकलं म्हणून पुन्हा बटण दाबण्याआधी क्रेडिटचा आकडा कमी झाला का ते बघा. झाला असेल तर क्लिप येतेय, थांबा.

आलेली क्लिप तीनदा बघा. एकदा फक्त ज्योती: पणत्या पाच होत्या, शेवटी सहा तर नाहीत? एकदा रांगोळी: ठिपके सरकतायत का? एकदा कडा: दाराची चौकट सरळ आहे की श्वास घेतेय? पहिले दोन-तीन सेकंद चांगले आणि पुढे बिघाड असेल तर क्लिप फेकू नका. आपल्याला तीनच सेकंद हवेत. बिघाड बहुतेकदा शेवटाकडे असतो.

या पाच प्रयत्नांत जमलं नाही तर सूचनेचे शब्द बदलत बसू नका, फ्रेम बदला. सहावा, सातवा, आठवा प्रयत्न त्याच फोटोवर करणं म्हणजे फुटक्या कळशीत पाणी भरणं.

पसंत पडलेली क्लिप लगेच उतरवून घ्या. काही ठिकाणी ती कायम राहत नाही. व्हिओच्या एपीआयवर दोनच दिवस असते.

## टप्पा ८: पक्की जोडणी आणि लेबल

एआयच्या क्लिप काळ्या पडद्याच्या जागी बसवा. त्या जास्त चकचकीत आणि गुळगुळीत दिसतील. त्यांचा रंग तुमच्या शॉटकडे न्या, उलट नको: रंगाची तीव्रता थोडी उतरवा, हलका दाणा, म्हणजे ग्रेन, टाका. चकली पिवळीधमक करून एआयच्या जवळ नेली की पुन्हा तोच प्रश्न, पार्सलमधली चकली वेगळी दिसते. पहाटेच्या शॉटवर तुमच्या अंगणातला खरा आवाज लावा, चिमण्या असोत की शेजारच्यांचा रेडिओ. डोळ्याला खटकणारं बरंच कानाने झाकलं जातं.

पोस्ट करताना एआयचं लेबल चालू करा. कृत्रिमरीत्या बनवलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या दृश्यांवर तसं नमूद करण्याचे नियम भारतात २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाले आहेत. दोनच शॉट आहेत म्हणून टाळू नका. वर्णनात एक ओळ घालायला हरकत नाही: "बर्फ एआयचा, फराळ आमच्या कढईतला." ग्राहकांना ती ओळ आवडते, असा माझा अनुभव आहे.

वेळापत्रक: २०२६ ची लक्ष्मीपूजनाची तारीख ८ नोव्हेंबर. परदेशी ऑर्डरसाठीची रील सप्टेंबरच्या शेवटी लागायला हवी, म्हणजे शूटिंग गणपती उठल्यावर लगेच. तिकडच्या ग्राहकाला दाराच्या फोटोसाठी मेसेज मात्र गणपतीआधीच टाका.

शेवटी वहीत एक ओळ लिहून ठेवा: किती सेकंद काढले, किती वापरले, किती क्रेडिट गेले, बसून किती वेळ गेला. माझे ४ आणि ८ हे आकडे खोडून पुढच्या रीलला हेच वापरायचे. आणि न वापरलेले चकली-लाडवाचे शॉट पुसू नका. संक्रांतीला तिळाच्या वड्यांची रील करताना लाडू वळणारे तेच हात पुन्हा लागतील.